आधी सोडा, मग व्हिनेगर

लातूरला जून-जुलैत क्लासेसचे वर्ग भरले की साधारण गणपतीनंतर माझ्या ओपीडीत एक ठरावीक गर्दी सुरू होते. नीटच्या तयारीसाठी उदगीर, निलंगा, नांदेड, परभणीकडून आलेल्या, होस्टेलवर नाहीतर खोली करून राहणाऱ्या मुली. कोंडा, खाज, केस गळणं, केस राठ होणं. कुणी विंचरताना निघालेल्या केसांची पुडी बांधून आणते, कुणी मोबाइलवर काढलेला टाळूचा फोटो दाखवते. मी त्वचारोगतज्ज्ञ म्हणून इथे बरीच वर्षं काम करते. या मुलींना माझा पहिला प्रश्न केसांबद्दल नसतो, पाण्याबद्दल असतो. होस्टेलला नळाचं पाणी येतं, की बोअर आहे, की टँकर?

लातूरच्या पाण्याची गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणायची वेळ आली होती. तेवढी टंचाई रोज नसते, पण वापरायचं पाणी अनेक ठिकाणी बोअरचंच आहे आणि ते जड आहे. बादलीच्या काठावर, नळाच्या तोंडावर पांढरा थर धरतो, डाळ शिजायला वेळ लागतो. या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची गाठ पडली की फेस होत नाही, चिकट पांढुरका साका तयार होतो. तो केसांवर बसतो आणि कितीही पाणी ओतलं तरी पुरता सुटत नाही. घरी विहिरीच्या किंवा नदीच्या पाण्याने न्हाणारी मुलगी महिन्याभरात सांगू लागते, "मॅडम, केस न्हाल्यासारखे वाटतच नाहीत."

मग खोलीतली एखादी मैत्रीण तिला मोबाइलवर पाहिलेली कृती सांगते. शाम्पूत केमिकल असतं, म्हणून तो बंद. आधी खाण्याच्या सोड्याने डोकं घासायचं, मग सफरचंदाचं व्हिनेगर लावायचं, रात्री कोरफडीचा गर. ही कृती टाळूवर नेमकं काय करते ते मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. त्यातली एक मुलगी मला इथे सविस्तर सांगायची आहे, कारण या तिन्ही वस्तूंचा गुण-दोष तिच्या एकटीच्या डोक्यावर वाचता येत होता.

ती बारावीतली, कमरेपर्यंत केस असलेली मुलगी. सोबत आई आली होती. तक्रार होती डोकं जळतं, कानामागे ओलसर होतं आणि केस 'तुटून पडतात'. शेवटचे शब्द महत्त्वाचे होते. केस गळणं आणि केस तुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या घरच्या घरी ओळखता येतात. गळलेला केस पूर्ण लांबीचा असतो आणि त्याच्या एका टोकाला बारीक पांढरी गाठ, म्हणजे मूळ, दिसतं. तुटलेल्या केसाला गाठ नसते, तो आखूड असतो आणि टोक बहुतेक वेळा फाटलेलं असतं. तिच्या पुडीतले केस मी पांढऱ्या कागदावर पसरले. गाठीचे केस मोजकेच, बाकी सगळे तुकडे. पन्नास-साठ केसांची बट मुळाशी धरून हलकेच ओढली तर हातात एखादाच केस आला. तीच बट मधोमध पकडून टोकाकडून ओढली तर केस तुटत होते. मुळं शाबूत होती, नुकसान केसाच्या दांड्याला झालं होतं.

टाळूची गोष्ट वेगळी होती. भांगापाशी आणि कानांच्या वर त्वचा लाल, चकचकीत, मध्ये मध्ये लस सुकून खपली धरलेली. आणि त्याच्या कडेला, भुवयांत आणि नाकाच्या बाजूला पिवळसर तेलकट पापुद्रे. म्हणजे मूळ दुखणं साधंच होतं. ज्याला आम्ही सेबोऱ्हिक डर्मटायटिस म्हणतो, तो कोंड्याचाच जरा रागीट प्रकार. टाळूच्या तेलावर जगणारी मॅलासेझिया नावाची यीस्ट प्रत्येकाच्या डोक्यावर असते. ती तेल फोडते, त्यातून सुटणारी काही आम्लं ज्यांना सोसत नाहीत त्यांची त्वचा चिडते आणि भराभर पापुद्रे टाकते. त्याच्यावर नंतर जे झालं होतं, ते उपायाने झालेलं होतं.

मी तिला कृती विचारली, अगदी चमच्यांत आणि मिनिटांत. आठवड्यातून दोनदा दोन मोठे चमचे सोडा थोड्या पाण्यात कालवून ती टाळूला चोळायची आणि पाच-सात मिनिटं ठेवायची. धुतल्यावर कापसाने व्हिनेगर लावायची, पाणी न घालता, कारण 'पाणी घातलं तर ताकद कमी होते'. त्यावर टॉवेल गुंडाळून अभ्यासाला बसायची. अर्ध्या-पाऊण तासाने डोकं धुवायची. रात्री होस्टेलच्या दारातल्या कुंडीतलं कोरफडीचं पान कापून ते तसंच टाळूवर फिरवायची आणि झोपायची.

माझ्या टेबलाच्या खणात पीएच मोजायच्या कागदी पट्ट्या असतात. शाळेच्या पुस्तकात ज्याला सामू म्हणतात तोच हा पीएच, ७ म्हणजे उदासीन, खाली आम्ल, वर अल्कली. विज्ञान शिकणाऱ्या मुलीला मी सांगण्यापेक्षा तिनेच बघितलेलं बरं, म्हणून ओपीडीतल्या बोअरच्या पाण्यात सोडा कालवून पट्टी तिच्याच हातात दिली. पट्टी आठाच्या वर गेली. निरोगी टाळूचा पीएच साडेपाचच्या आसपास असतो आणि केसाच्या दांड्याचा त्याहून कमी, सुमारे ३.६७. हे माप दहाच्या पटीत चालतं, त्यामुळे टाळूचा साडेपाच आणि सोड्याच्या पाण्याचा साधारण ८.३ यांतलं अंतर दिसायला लहान असलं तरी आम्लतेत ते जवळजवळ सहाशे पटींचं आहे. ते गणित तिने माझ्याआधी केलं.

अल्कलीत केस फुगतो. त्याच्या अंगावरचे कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले उचलले जातात, केसावरचा ऋण विद्युतभार वाढतो आणि एक केस दुसऱ्याला घासून गुंता होतो. ओला, फुगलेला, गुंतलेला केस कंगव्याने ओढला की तो तुटणारच, आणि स्मूदनिंग किंवा रंग केलेला असेल तर आणखी लवकर. कमरेपर्यंतच्या केसाचं टोक तर पाच-सहा वर्षांचं जुनं असतं, ते आधीच झिजलेलं. टाळूवर होतं ते याहून वाईट. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात पेशींना जोडून ठेवणारं जे चरबीचं लिंपण असतं, ते तयार करणारी विकरं आम्ल वातावरणातच नीट काम करतात. सोड्याने ते वातावरण जातं, वरून त्याचे कण खरखरीत घासले जातात आणि लिंपण विरतं. सोड्यानंतर डोकं 'एकदम स्वच्छ, हलकं' वाटतं असं मुली सांगतात. ते खरंच आहे, कारण तेल निघून गेलेलं असतं. दोन दिवसांनी ओढल्यासारखं होऊन खाज सुटते, तेव्हा त्यांना वाटतं कोंडा वाढला, आणि सोडा पुन्हा लागतो.

यात एक वेगळाच धोका किराणा दुकानात आहे. खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा हे दोन वेगळे पदार्थ. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, धुण्याचा म्हणजे सोडियम कार्बोनेट. दुसऱ्याचा पीएच अकराच्या वर जातो आणि तो त्वचा भाजतो. सुट्या पुडीत दोन्ही पांढरेच दिसतात. या मुलीची पुडी खाण्याच्या सोड्याचीच निघाली. पण एक गृहिणी धुण्याच्या सोड्याने कपाळाच्या कडेने भाजल्याचे पट्टे घेऊन माझ्याकडे आली होती, आणि पुडी बघेपर्यंत ते कुणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं. मी टाळूसाठी सोडा कुणालाच सांगत नाही. त्याने साधणारं आणि दुसऱ्या सौम्य गोष्टीने न साधणारं असं एकही काम मला आजवर सापडलेलं नाही.

"पण मॅडम, व्हिनेगर लावलं की ते बॅलन्स होतं ना?" तिने विचारलं. तिचा मुद्दा रसायनशास्त्राचा होता आणि अर्धा बरोबर होता. आम्ल ओतलं की पीएच खाली येतो हे खरं. पण उचलून झिजलेला खवला त्याने परत पहिल्यासारखा होत नाही आणि गेलेलं लिंपण भरून येत नाही, त्याला दिवस लागतात. मधल्या वेळात उघड्या पडलेल्या त्वचेवर व्हिनेगर पडतं, जे धडधाकट त्वचेला कदाचित झेपलं असतं. आणि काही जणी दोन्ही एकाच वाटीत कालवतात. त्यातून बुडबुडे येतात, म्हणजे कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आणि मागे राहतं सोडियम ॲसिटेटचं पाणी. त्या फसफसण्यातून केसांना काहीच मिळत नाही.

व्हिनेगरबद्दल मात्र मी सरसकट नाही म्हणत नाही, आणि इथे मला जरा थांबायचं आहे. केसांवर बसलेला जो साबणाचा साका मी वर सांगितला, तो सौम्य आम्लाने सुटतो. खवले आडवे बसतात, केस मऊ लागतो, चमकतो. आमच्याकडच्या आज्या न्हाताना शेवटी लिंबाचं पाणी किंवा ताक वापरत, त्यामागचं कारणही हेच. शिकेकाईचं पाणी स्वतःच किंचित आम्ल असतं आणि जड पाण्यातही साका करत नाही. बाजारातला 'शिकेकाई साबण' हा मात्र साबणच, तो करतो. म्हणून साबणाने केस धुणाऱ्या मुलीला व्हिनेगरच्या पाण्याचा फरक लगेच जाणवतो, आणि शाम्पू वापरणारीला कमी, कारण शाम्पूतले डिटर्जंट जड पाण्यात तसा साका धरत नाहीत. शाम्पूही सगळे सारखे नसतात. ब्राझीलमध्ये १२३ शाम्पूंचा पीएच मोजून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साडेपाच किंवा त्याखालचे शाम्पू चाळीस टक्क्यांहूनही कमी निघाले होते.

हा फायदा केसाचा आहे, टाळूचा नाही. व्हिनेगरने केस उगवतात किंवा गळणं थांबतं याला आधार नाही. टायफॉइड किंवा डेंग्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी जे केस गाठीसकट गळतात, ते बहुतेक वेळा सहा महिन्यांत आपोआप थांबतात. त्या काळात जे लावलेलं असतं, त्याला श्रेय मिळतं. आणि चिडलेली त्वचा व्हिनेगरने शांत होते हेही दिसत नाही. अमेरिकेत व्हर्जिनियात २२ जणांवर एक अभ्यास झाला, २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. अर्धा टक्का ॲसिटिक आम्ल उरेल इतकं सफरचंदाचं व्हिनेगर पातळ करून त्यात रोज दहा मिनिटं हात बुडवायचा, दुसरा हात साध्या पाण्यात, असं दोन आठवडे. त्यात एक्झिमा असलेले होते आणि निरोगी त्वचेचेही. त्वचेचा अडसर काही सुधारला नाही, आणि बहुतेकांना व्हिनेगरच्या हाताला जळजळ झाली. तो हात होता आणि व्हिनेगर पातळ होतं. या मुलीने बाटलीतलं लावलं होतं, ज्यात साधारण पाच टक्के आम्ल असतं, आणि वरून टॉवेलने झाकलं होतं.

झाकणं हीच यातली सगळ्यांत घातक पायरी. द्रव उडून जात नाही, त्वचा भिजून मऊ होते, आम्ल आत शिरत राहतं. चामखीळ किंवा तीळ जाळायला व्हिनेगर लावून झालेल्या जखमा वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. अमेरिकेतल्या एका चौदा वर्षांच्या मुलीने नाकावरचे तीळ काढायला ते लावलं होतं आणि तिथली त्वचा सोलून निघाली. भाजतं की नाही हे ठरतं आम्ल किती आणि किती वेळ यावर. पातळ केल्याने काय होतं हेही आम्ही पट्टीवर पाहिलं. एक लिटर बोअरच्या पाण्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर घातलं, तर पट्टी चारच्या जवळपास आली. बाटलीतल्या व्हिनेगरची पट्टी तीनच्याही खाली. आकड्यांत फरक थोडा वाटतो, पण त्या लिटरभर पाण्यात आम्लाचं प्रमाण तीस-पस्तीस पटींनी कमी झालेलं असतं, आणि त्यातलं काही आमचं जड पाणीच खाऊन टाकतं. आणि एक ताकीद मी प्रत्येकीला देते. बाटलीवर 'ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड' लिहिलेलं असेल तर ते व्हिनेगर नव्हे. ते जवळजवळ शुद्ध आम्ल असतं आणि पातळ करतानाही घरात हाताळू नये.

कोरफडीने तिच्या डोक्यात काय केलं, ते कानामागे आणि मानेवर लिहिलेलं होतं. तिथे व्हिनेगर लागलं नव्हतं, तरी बारीक पुरळ होतं, आणि गर ओघळेल त्याच रेषेत. पान कापलं की सालीलगत पिवळा, कडू चीक येतो. काळा बोळ म्हणून दुकानात जे मिळतं, ते तोच चीक आटवून वाळवलेलं. तो चीक त्वचेला टोचतो, आणि काहींना त्याची खरीखुरी ॲलर्जी येते. पान तसंच डोक्यावर फिरवलं की गराबरोबर तो लागतोच. वापरायचंच तर पान कापून दहा-पंधरा मिनिटं उभं टेकवून ठेवावं, चीक निथळू द्यावा, काटेरी कडा आणि हिरवी साल पूर्ण काढावी आणि मधला पारदर्शक गर धुऊन घ्यावा.

अशा स्वच्छ गराला मात्र गुण आहे. तो गार वाटतो, ओलावा धरतो, खाज हलकी करतो. सेबोऱ्हिक डर्मटायटिसच्या ४४ रुग्णांवर इस्राएलमध्ये झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कोरफडीच्या इमल्शनने पापुद्रे आणि खाज नकली औषधापेक्षा स्पष्टपणे कमी झाली होती. चाचणी लहान आहे, आणि त्यातलं इमल्शन ठरावीक प्रमाणाचं तयार औषध होतं, कुंडीतलं पान नव्हतं. म्हणून मी कोरफडीला सोबतीचा मान देते, मुख्य उपचाराचा नाही. विकतच्या हिरव्या जेलबद्दल मी जास्त सावध असते. त्यातला हिरवा रंग कोरफडीचा नसतो, गर पारदर्शकच असतो. डब्यामागच्या यादीत कोरफड खाली आणि सुगंध, अल्कोहोल वर असेल तर ते ठेवून द्यावं. कुठलंही जेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला, दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा आठवडाभर लावून बघायचं. ॲलर्जी पहिल्या दिवशी दिसतेच असं नाही, म्हणून एका रात्रीची परीक्षा पुरत नाही.

तिला मी तिन्ही गोष्टी बंद करायला सांगितल्या. लस येणाऱ्या टाळूवर कोंड्याचा औषधी शाम्पूही झोंबतो, म्हणून पहिला आठवडा फक्त साध्या पाण्याने धुणं, सौम्य शाम्पू आणि सौम्य स्टेरॉइडचं लोशन, तेही मोजून सात दिवस. त्वचा कोरडी झाल्यावर आठवड्यातून दोनदा दोन टक्के कीटोकोनाझोलचा शाम्पू. तो टाळूवर पाच मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा. लावून लगेच धुतला तर पैसे पाण्यात जातात. रात्रभर तेल थापणं काही आठवडे बंद, कारण त्या यीस्टचं खाद्य तेलच आहे. याला आईची हरकत होती. "मॅडम, तेलाशिवाय केस कसे राहतील?" मी म्हटलं, "ताई, टोकांना लावा, टाळूला नको." ते त्यांना पटलं. केस दोन इंच कापावे लागले. त्याचं तिला फार वाईट वाटलं, आणि मला त्याचं उत्तर एवढंच देता आलं की केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो.

दीड महिन्याने ती आली तेव्हा टाळू शांत होती. तिने स्वतःच विचारलं, आता व्हिनेगर चालेल का. चालेल म्हटलं, पण कसं ते लिहून दिलं. शाम्पूनंतर, लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे, केसांच्या लांबीवर ओतायचं, टाळूवर चोळायचं नाही, डोळे मिटून. एक-दोन मिनिटं, मग साध्या पाण्याने धुवायचं, आठवड्यातून एकदा पुष्कळ. खरं तर होस्टेलच्या आरओ फिल्टरचं पाणी शेवटच्या तांब्याला वापरलं तरी बराच फरक पडतो. टाळूवर चीर, ओरखडा, फोड असेल त्या आठवड्यात काहीच नाही.

जाताना तिने खोलीतल्या मैत्रिणीचं सांगितलं. तिलाही कोंडा, तीही सोड्याने घासते, आणि घासलं की पापुद्रे आणखी वाढतात. मी विचारलं, पापुद्रा पिवळा तेलकट आहे की जाड, पांढरा, चांदीसारखा? केसांची कड ओलांडून कपाळावर येतो का? कोपरांवर, गुडघ्यांवर काही चट्टे? नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे? नखांचं तिने लगेच हो म्हटलं. ते बहुधा सोरायसिस होतं. या आजारात त्वचेला जिथे घासून इजा होते तिथे नवे चट्टे उठतात, म्हणजे सोड्याने घासणं हा तिच्यासाठी आजार पसरवण्याचाच मार्ग होता. सोडा आजच थांबवायला सांग, आणि या आठवड्यात तिला घेऊन ये, येताना डोक्याला काहीही लावू नका, असं मी तिला सांगितलं.